पंचवीस तासांचा रविवार

माणसाच्या हातून काय काय हरवतं. छत्री हरवते, कानातली कुडी हरवते, लग्नाच्या गर्दीत जावयाची चप्पल हरवते. माझ्या हातून इंग्लंडातल्या तीनशे बारा ठिकाणांचा एक तास हरवला. हरवला म्हणणंही लबाडीचं. मी तो पुसला. पुसून वर हात झटकले आणि शेजारच्या पोरीला म्हणाले, "बघ, कसं चकाचक."

बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला चहा पाजेन, पण माझ्या कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही.

आमच्या ह्यांचा विक्रोळीतला कारखाना बंद झाला. दोन वर्षं हे घरी बसून पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत राहिले. मला टायपिंग येत होतं आणि लेकीकडून मी थोडं एक्सेल शिकले होते, तेवढ्यावर विक्रोळीतच एका ऑफिसात चिकटले. जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये काचा लावून, थंड हवा सोडून तयार केलेलं ऑफिस. तिथे परदेशातली कामं यायची. आमच्या खोलीत यायची इंग्लंडातली वीज.

म्हणजे वीज नाही, विजेचे आकडे. तिकडचे कारखाने, शीतगृहं, बेकऱ्या, मोठी दुकानं, यांचे मीटर दर अर्ध्या तासाला किती युनिट जळले ते लिहून ठेवत. मध्यरात्र ते मध्यरात्र असे दिवसाचे अठ्ठेचाळीस आकडे. रात्रीतून ते सगळे फोनच्या तारेवरून गोळा होत आणि सकाळी आठपर्यंत आमच्याकडे येत. आम्ही ते निवडायचे. अगदी तांदूळ निवडतात तसे. एखादा आकडा आलाच नसेल, तर मागच्या आठवड्यातला त्याच वाराचा, त्याच वेळेचा आकडा घालायचा आणि पुढे खूण करायची. मध्येच तार तुटली की मीटर तोच आकडा पुन्हा पाठवी, असा दुबार असेल तर एक उडवायचा. मग बेरीज. बेरीज म्हणजे त्या ठिकाणाचा त्या दिवसाचा एकूण वापर. हे सगळे एकूण दुपारी बारापर्यंत तिकडे पोचायलाच हवेत, कारण तिकडे तेव्हा साडेसात वाजलेले असत आणि त्यांचे लोक त्यावरच पुढचं काम सुरू करत.

अठ्ठेचाळीस हा आकडा माझ्या डोक्यात असा बसला होता की घरी भेंडी चिरतानाही मी मोजायची.

माझ्या शेजारी भांडुपची एक पोर बसायची. मूळची मालवणकडची, तेवीस वर्षांची, बोलण्यात फटाका. घरी ती आणि आई. आई पापड लाटायची, पण घर चालायचं ते पोरीच्या पगारावर. मला ती काकी म्हणायची आणि सरळ अरे-तुरे करायची, मला ते आवडायचं. आम्ही दोघीही नव्या. ती मे महिन्यात लागली, मी ऑगस्टात.

पोरीचा एकच दोष, ती हळू होती. प्रत्येक ओळ दोनदा वाचायची. त्यापायी दोनदा तिचे एकूण उशिरा गेले होते आणि दोन्ही वेळा तिला लेखी ताकीद मिळाली होती. तिसरी मिळाली की घरी, हे तिला मॅनेजरांनी काचेच्या केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं. ती ते विनोदाने सांगायची. "काकी, आता तिसऱ्या चिठ्ठीची फ्रेम करूक व्हयी." पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती खात्यात पगार आला का ते सात वेळा बघायची, तेही मी बघत होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. मला कामाला लागून अडीच महिने झाले तरी माझं स्वतःचं लॉगिन आलं नव्हतं. आमची टीम लीडर म्हणाली, "आँटी, तोवर तुम्ही हिच्या नावाने करा ना. मी बोलते वरती." लीडर कांजूरच्या जुन्या गावठाणातली, ख्रिश्चन घरातली, कामाला वाघीण. पासवर्ड दुसऱ्याला देणं हा तिथे नोकरी घालवणारा गुन्हा होता. तरी तिने तोंडी सांगितलं, पोरीने दिला, मी घेतला. त्यामुळे मी जे जे करी, ते सगळं त्या पोरीच्या नावावर चढे. चांगलंही आणि माझे प्रतापही.

ऑक्टोबर संपत आला होता. सोमवार. लीडरच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती दुपारी येणार होती. सकाळी आठला रविवारचे आकडे आले. मी पहिला मीटर उघडला, मोजले तर पन्नास.

दुसरा उघडला. पन्नास. पाचवा, विसावा, शंभरावा. सगळे पन्नास. सगळीकडे रात्री एकचा आकडा दोनदा आणि दीडचा दोनदा.

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता, की तीनशे बारा मीटरांना एकाच वेळी एकच वेड कसं लागेल? मी शहाणी नव्हते, हुशार होते. म्हटलं, तार तुटली असेल. दुबार आहेत ना? मग उडवा. एकेक उडवत कोण बसणार? लेकीने मला एक युक्ती शिकवली होती, सगळा तक्ता निवडायचा, मीटरचा आणि वेळेचा रकाना सांगायचा, आणि एक बटण दाबलं की दुबार ओळी आपोआप गायब.

पोरीने मान लांब करून बघितलं. "काकी, थांब गो. ह्या बेकरीचो बघ. पहिल्या एकाक चाळीस युनिट, दुसऱ्या एकाक पंच्याण्णव. दुबार असता तर आकडो तोच नसतो?"

बरोबर होतं तिचं. दुबार म्हणजे तीच वेळ आणि तोच आकडा. इथे वेळ तीच होती, आकडा वेगळा. ती दोनदा वाचायची म्हणून तिला ते दिसलं. मी एकदाही नीट वाचत नव्हते म्हणून मला नाही.

"यंत्राला सर्दी झाली असेल," मी म्हटलं. "अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. तू तुझ्या गाळलेल्या जागा बघ."

बटण दाबलं. सहाशे चोवीस ओळी एका दमात गेल्या. वर फाईल तशीच त्याच नावाने साठवली, म्हणजे जुनी गेली, परतीचा रस्ताच बंद. मग ते चकाचकचं वाक्य बोलले आणि चहा आणायला उठले. इतकी खूश होते की साखर जास्तीची घेतली.

साडेदहाला दुसरी तपासणी असायची. मीटरवर एक धावता आकडाही असतो, आपल्या घरच्या मीटरवर असतो तसाच. रविवारी रात्री बाराला किती होता त्यातून शनिवारी रात्री बाराला किती होता ते वजा केलं की दिवसभराचा वापर निघतो. तो आणि आमची अर्ध्या-अर्ध्या तासांची बेरीज जुळली पाहिजे. जुळली नाही की ओळ लाल होते. रोज चार-पाच लाल व्हायच्या.

त्या दिवशी मी तपासणी लावली आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. खाली सरकवत गेले, लाल. आणखी खाली, लाल. शेवटपर्यंत एकही पांढरी ओळ नाही.

भीती कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. ती थंड हवा, जिच्यासाठी मी रोज शाल आणायची, ती अंगावर येईनाशी झाली आणि मानेवरून घाम उतरायला लागला.

शीतगृहाची ओळ बघितली. तूट चारशे सतरा युनिटांची. मी उडवलेले दोन आकडे पोरीच्या वहीत होते, तिने सकाळी शंका आली म्हणून पाचसहा ठिकाणचे उतरवून ठेवले होते. दोनशे सहा आणि दोनशे अकरा. बेरीज चारशे सतरा.

म्हणजे तो तास खरा होता. कुठून आला होता देव जाणे, पण वीज खरोखर जळली होती.

पोरीनेही बेरीज केली. तिचा चेहरा बघवेना. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "काकी, ह्या माझ्या नावावर चढला."

"मी सांगेन ना, मी केलं म्हणून."

"सांग. मग विचारतले, काकीक पासवर्ड कोणी दिलो? त्याची तर ताकीदपण नाय. थेट घर."

मी गप्प राहिले तर चूक तिची, तिसरी ताकीद. मी बोलले तर पासवर्ड दिल्याचा गुन्हा तिचा. दोन्ही वाटा भांडुपच्या त्याच खोलीत जात होत्या, जिथे तिची आई पाट मांडून बसलेली असेल.

"मूळ फाईल तिकडे असते ना?" मी विचारलं. "तो रात्रपाळीवाला पाठवतो ती?"

"त्याची सुटी तिकडच्या सहाक. आपले साडेदहा. गेलो तो." तिने कोपऱ्यातल्या वेळेकडे बोट केलं. दहा चाळीस. "दुसरो आठाक येतलो. आपले साडेबारा. आणि आपल्याक धाडूचा बाराक."

मग मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. मी म्हटलं, जुळवून टाकू. शेवटच्या अर्ध्या तासात तूट भरायची. एकूण बरोबर येईल, लाल जाईल, कोणाला कळणार आहे? आणि लागले भरायला. शीतगृहात रात्री साडेअकराला चारशे सतरा वाढवले. बेकरीत वाढवले. एका शाळेत वाढवले. आकडे चुकत होते, खोडत होते, पुन्हा घालत होते. वीसेक मीटर झाले.

पोर बघत होती. शेवटी म्हणाली, "काकी, ह्या शाळेत रविवारी रात्री बाराक कोण इलो? भुतांचो वर्ग भरलो?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. कोणीही तो तक्ता उघडला असता की तीनशे बारा इमारती मध्यरात्रीच्या आधी एकदम पेटल्यासारख्या दिसल्या असत्या. आता चूक राहिली नव्हती, खोटेपणा झाला होता. आणि तोही तिच्याच नावाने. मी माझ्या हाताने तिचा गळा आवळत होते आणि त्याला मदत म्हणत होते.

"फोन लावू," मी म्हटलं.

"कोणाक? तो गेलो."

"झाडूवाला तरी उचलेल."

बाहेरदेशी लागणारा फोन फक्त लीडरच्या टेबलावर होता. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती, पण एवढं सगळं झाल्यावर परवानगीचं काय घेऊन बसता. माझं इंग्रजी म्हणजे वाचायला ठीक, बोलायला मराठी शाळेचं. कागदावर वाक्य लिहिलं, चार वेळा पुटपुटलं. घड्याळात अकरा दहा. म्हणजे तिकडे सहा चाळीस.

घंटा वाजत राहिली. सात, आठ. पोरीने माझ्या पदराचं टोक धरलं होतं, ते तिलाही ठाऊक नसावं. नवव्या घंटेला कोणीतरी उचललं. पुरुषाचा, कंटाळलेला आवाज.

मी कागद वाचला. मी एक तास पुसून टाकला आहे.

"काय पुसलंत?"

"एक तास. रविवारचा."

मग तो हसला. इथे पोरीची नोकरी चाललेली आणि हा हसतोय. मी विचारलं, "तुम्ही अजून गेला नाहीत?"

"माझी सुटी सहाला," तो म्हणाला. "आता सहाला वीस कमी आहेत."

मी पोरीकडे बघितलं. एक तास कसा चुकला? मी धीर करून सांगितलं की आमच्या हिशोबाने तिकडे सहा चाळीस व्हायला हवेत. तेव्हा त्याने सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. त्यांच्याकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, रात्री दोन वाजता, ती तासभर मागे घेतात. दोनचे पुन्हा एक होतात. मग एक ते दोन हा तास परत येतो. त्या रविवारी तास पंचवीस आणि अर्धे तास पन्नास. मार्चमध्ये उलटं, एक तास गळतो. दिवस तेवीसचा, अर्धे तास सेहेचाळीस.

मी आयुष्यात चोवीस सोडून दुसरा दिवस बघितला नव्हता. आमच्याकडे घड्याळ मागे पडतं ते सेल संपल्यावर.

"फाईल पुन्हा देता?" मी विचारलं.

"देतो. पण फाईल पुन्हा मागितली की नोंद होते. कोणी मागितली, का मागितली. ती तुमच्या मॅनेजरकडे जाते. कुठलं लॉगिन?"

हा प्रश्न येणार हे मला सुचलंच नव्हतं. पोरीने ऐकलं होतं, आवाज फोनमधून बाहेर येत होता. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. दे म्हणून. मी तिचा नंबर सांगितला. कारण काय लिहू, त्याने विचारलं. वापरणाऱ्याने ओळी पुसल्या, असं लिहा म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ठेवण्याआधी तो म्हणाला, "आणि घाई करू नका. तुम्हाला साडेसातपर्यंत वेळ आहे, आमच्या. म्हणजे आता तुमचे एक वाजेपर्यंत."

बारा नव्हे, एक. जो तास मी उडवला, त्याचाच जोडीदार आमच्या ताटात परत पडला होता. त्या तासानेच तो माणूस खुर्चीत थांबला होता. ज्याला मी कचरा समजून झाडलं, त्याने पाय रोवून दार उघडं धरलं होतं.

फाईल साडेअकराला आली. आम्ही दोघींनी सकाळचं सगळं काम पहिल्यापासून केलं. ह्या वेळी मी वाचत होते आणि ती टाकत होती, एकही ओळ मी हात लावून हलवली नाही. खरे दुबार चार निघाले, वेळ तीच आणि आकडा तोच, ते ती उडवायला लागली की मी धास्तावत होते. "हा उडवायचा ना गं? नक्की?" मी तीनदा विचारायची. बारा पन्नासला तपासणी लावली. सहा लाल, बाकी सगळं पांढरं. त्या सहांची कारणं नेहमीची होती. एकला पाच मिनिटं असताना एकूण गेले.

पोरीने टेबलावर डोकं टेकलं. मी नाही टेकलं. नोंद निघालेली होती.

लीडर सव्वाला आली, हातात सासूच्या औषधांची पिशवी. मी तिला जिन्याजवळ गाठून सगळं सांगितलं. भुतांची शाळासुद्धा. तिने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाली, "मी शुक्रवारी सांगायला पाहिजे होतं. घड्याळाचं. विसरले." आणि जागेवर जाऊन बसली. पासवर्डाबद्दल ती काहीच बोलली नाही. तिला दोन लहान मुलं होती. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, याचा मी तेव्हा विचार केला आणि उत्तर मला आवडलं नाही.

तीनला मॅनेजरांनी पोरीला आत बोलावलं.

काचेची केबिन म्हणजे दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही. त्यांच्या समोर एक कागद होता. ते बोलत होते, ती मान खाली घालून उभी. एकदा तिने मान हलवली, हो म्हणून. कशाला हो म्हणाली? मी लीडरकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, पण पडदा हलत नव्हता.

मी उठले. केबिनपर्यंत वीस पावलं असतील. मधे मला परत फिरायची तीन चांगली कारणं सुचली. दार न वाजवता उघडलं.

"सर, ते मी केलं."

मॅनेजर वयाने माझ्या भाच्याएवढे. ते कागदाकडे बघून म्हणाले, "इथे यांचं लॉगिन आहे."

"माझं आलं नाही अजून. म्हणून मी हिचं वापरलं."

"तुम्हाला पासवर्ड कोणी दिला?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. आणि त्या क्षणी त्या हुशार बाईने दिवसातलं एकमेव हुशारीचं काम केलं. सरळ खोटं बोलली.

"कोणी नाही. चोरला. ही टाकताना मागून बघून पाठ केला. म्हातारी असले तरी नजर चांगली आहे माझी."

मॅनेजरांनी खुर्ची मागे सरकवली. "तुम्हाला कळतंय तुम्ही काय बोलताय? आत्ता, या मिनिटाला..."

"कळतंय," मी म्हटलं. मला कळत होतं. ह्यांच्या दुरुस्तीच्या पंख्यांवर घर किती दिवस चालेल ते मी त्या वीस पावलांत मोजलं होतं. मी टेबलाची कड धरली.

मागून आवाज आला. "आँटी खोटं बोलतायत सर."

लीडर दारात उभी होती. आवाज तिचा वाटत नव्हता, बारीक झाला होता. "पासवर्ड मी द्यायला लावला. दोन महिने लॉगिन मागते मी तुमच्याकडे. चार मेल आहेत, दाखवू? आणि घड्याळ बदलतं हे मी सांगायला विसरले. हिला तर माहीतच नव्हतं."

मॅनेजरांनी तिघींकडे बघितलं. मग त्या चार मेलच्या उल्लेखावर त्यांची नजर जरा अडखळली. चार मेल म्हणजे त्यांच्यावरही नोंद, हे मला नंतर लीडरने सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्यांनी कागद उलटा ठेवला.

"एकूण वेळेत गेले?"

"पाच मिनिटं आधी," पोर म्हणाली. केबिनमध्ये तिचं ऐकू येण्यासारखं पहिलं वाक्य.

"जा. कामाला जा."

तिसरी चिठ्ठी आली नाही. लीडरला मात्र एक मिळाली, तिच्या नोकरीतली पहिली, आणि तिने ती कोणाला दाखवली नाही. मला कायम करायचं तीन महिने पुढे ढकललं. लॉगिन त्याच संध्याकाळी आलं, बटाटेवड्यासारखं गरमागरम. पोर म्हणाली, "काकी, आता कर काय करूचा ता. स्वतःच्या नावावर कर."

मला वाटलं, भीती संपली. पण ती संपली नव्हती, फक्त पुढच्या तारखेला जाऊन बसली होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी मी घरी चैत्रगौरीच्या तयारीसाठी डाळ भिजत घालत होते, आणि मधेच हात पाण्यात तसेच ठेवून उभी राहिले. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "आज दिवस तेवीस तासांचा आहे." ते म्हणाले, "मग लवकर आटप."

सोमवारी मी सातच्या आधी जाऊन बसले. सगळीकडे सेहेचाळीस. रात्री एक आणि दीड, दोन्ही घरं तीनशे बारा ठिकाणी रिकामी. नियम सांगत होता, रिकामं असेल तर मागच्या आठवड्यातला आकडा घाला. रिकामं घर बघून माझे हात शिवशिवत होते. ते घर रिकामंच बरोबर होतं, कारण तो तास झालाच नव्हता. भरला असता तर न जळलेली वीज कागदावर जळाली असती. मला सगळं ठाऊक होतं, लीडरने शुक्रवारी दोनदा सांगितलं होतं, भिंतीवर तिच्या हाताने लिहून लावलेलं होतं, आजपासून पुन्हा बारापर्यंत. तरी मी हात मांडीखाली घालून बसले होते.

पोर आली, तिने माझ्याकडे बघितलं. "काकी, हात काढ. चावणा नाय तो तक्तो."

साडेदहापर्यंत आम्ही आपापले मीटर आपापल्या नावाने निवडले आणि मग मी म्हटलं, "तू तपासणी लाव. मी नाही लावणार."

तिने लावली. मी डोळे मिटून घेतले होते. तिने वाचलं, तिच्या सवयीप्रमाणे दोनदा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तीन लाल. त्यातलो एक तुझो."